सिगरेट मधोमध पेटवणारा माणूस

माझे मामा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. चाळीसेक वर्षं त्यांनी कालव्यांचे नकाशे काढले. त्यांच्या हातची रेघ पट्टीशिवाय सरळ यायची आणि आम्हा भाच्यांना भूमितीच्या वहीत त्याचा भलताच उपयोग व्हायचा. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया नीट पार पडली, पण त्यादरम्यान रक्तदाब बराच वेळ खाली राहिला होता. घरी आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मामांनी कपातला चहा बशीत ओतला, तो बशीच्या बाहेर, चांगला वीतभर अंतरावर. मामी म्हणाली, "अहो, लक्ष कुठं आहे?" मामा म्हणाले, "बशी आत्ता होती."

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मेंदूचा झटका आलेल्या माणसांना पुन्हा जेवायला, कपडे घालायला, दात घासायला शिकवणं हे माझं काम. तेव्हा मला कामाला लागून पाच-सहा वर्षं झाली होती, म्हणजे सगळं कळतं असं वाटायचं ते वय. मी मामांना तपासलं. ते दाराच्या चौकटीला धडकत होते. ताटातली भाजी खायची राहत होती. मी दोन्ही हातांची बोटं एकदम वर केली तर त्यांना फक्त उजवीकडचं बोट दिसलं. कागदभर विखुरलेल्या छोट्या रेघा पेन्सिलीने खोडायची एक चाचणी असते, ती दिली. डाव्या बाजूच्या बऱ्याच रेघा तशाच राहिल्या. मी वहीत लिहिलं: डाव्या बाजूचा निग्लेक्ट.

ते चुकलं होतं. आणि माझ्याकडून चुकलं होतं म्हणूनच मी पुढे हा सगळा इतिहास मुळापासून वाचून काढला, नाहीतर कशाला वाचते!

या इतिहासाची सुरुवात बुडापेस्टला होते. रेझ्यो बालिंट नावाचा हंगेरियन डॉक्टर होता. १९०३ साली त्याच्याकडे एक इंजिनिअर आला. १९०६ साली तो मरेपर्यंत बालिंटने त्याचा अभ्यास केला, मग मेंदू तपासला, आणि १९०९ साली एका जर्मन नियतकालिकात मोठा लेख लिहिला. तो लेख पुढे इतकी वर्षं नुसताच उल्लेखला जात राहिला, वाचला फारसा गेला नाही. पूर्ण इंग्रजी अनुवाद यायला १९९५ साल उजाडलं.

या इंजिनिअरची दृष्टी चांगली होती. दृष्टिक्षेत्रही, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं जेवढं दिसतं ते, यंत्रावर मोजलं तर पूर्ण भरलं. तरीही हा माणूस सिगरेट पेटवायला गेला की काडी टोकाला न लावता बऱ्याचदा मधोमध लावायचा. ताटातला मांसाचा तुकडा डाव्या हातातल्या काट्याने धरलेला असायचा आणि उजव्या हातातली सुरी तो तुकडा ताटाच्या बाहेर शोधत असायची. समोर दोन वस्तू ठेवल्या तर त्याला एकच दिसायची. वस्तू लहान आहे की मोठी याने काही फरक पडत नव्हता. टाचणी असो की उभा माणूस, एका वेळी एकच.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. नळीतून बघणाऱ्या माणसाला टाचणी पूर्ण दिसेल, पण जवळ उभा माणूस तुकड्यातुकड्याने दिसेल. इथे तसं नव्हतं. माणूस अख्खा दिसतो, पण त्याच्या शेजारचं टेबल नाही. म्हणजे अडचण दिसण्याच्या जागेची नाही, वस्तूंच्या संख्येची आहे. बालिंटने याला 'पाहण्याचा मानसिक पक्षाघात' असं काहीसं अवजड नाव दिलं. डोळे हलत होते, डोळ्यांच्या स्नायूंना काही झालं नव्हतं. पण नजर एका वस्तूवर बसली की तिथून उठायची नाही.

दुसरी गोष्ट हाताची. मला या लेखातला सगळ्यात आवडलेला भाग हाच. इंजिनिअरचा उजवा हात वस्तूपाशी नेमका जात नव्हता, चाचपडत जायचा आणि आपटून थांबायचा. आता हात चुकतो याची तीन कारणं असू शकतात. हातात ताकद नसेल, हात कुठे आहे हे मेंदूला कळत नसेल, किंवा डोळ्यांनी दिलेली बातमी हातापर्यंत पोचत नसेल. बालिंटने साधासा प्रयोग केला. इंजिनिअरच्या एका हाताला त्याने विशिष्ट स्थितीत ठेवलं आणि दुसऱ्या हाताने त्याची नक्कल करायला सांगितली. उजव्या हाताने ती बिनचूक केली. स्वतःच्या शरीराचा भाग दाखव म्हटलं, तिथेही उजवा हात बरोबर गेला. आणि बाहेरची वस्तू डाव्या हाताने उचल म्हटलं तर डावा हातही बरोबर गेला. म्हणजे डोळ्यांना दिसत होतं, नाहीतर डावा हात कसा जाईल? उजव्या हाताला हलता येत होतं, नाहीतर शरीरावर नेमका कसा जाईल? बिघडली होती ती फक्त डोळा आणि उजवा हात यांच्यामधली वाट. याला त्याने ऑप्टिक अटॅक्सिया म्हटलं. एक खुर्ची, एक टेबल आणि डोकं, एवढ्याच सामग्रीत केलेला प्रयोग!

आणि मग तिसरी गोष्ट, जिथे सगळा गुंता झाला. इंजिनिअरचं लक्ष आपोआप समोर न जाता उजवीकडे जायचं, बालिंटने मोजलं त्याप्रमाणे मध्यापासून ३५ ते ४० अंश उजवीकडे. तिथली वस्तू दिसली की संपलं. डावीकडे आणखी काही आहे असं सांगितल्यावर मात्र तो शोधायचा आणि ते त्याला ओळखूही यायचं. बालिंटने हेही नोंदवलं: लक्षाचा अवकाशातला बिघाड.

आजच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे वर्णन वाचून दाखवलं तर तो म्हणेल, हा तर डाव्या बाजूचा निग्लेक्ट! बरोबरच आहे. १९८८ साली हुसेन आणि स्टाइन या दोघांनी मूळ जर्मन लेख पुन्हा नीट वाचून हेच दाखवलं. ज्या रुग्णाच्या नावावर 'बालिंट सिंड्रोम' उभा राहिला, त्या रुग्णाला तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी झाल्या होत्या, आणि त्यातली एक निग्लेक्ट होती. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी ती तिसरी गोष्ट हळूच बाजूला सारली आणि त्रिकूट दुसऱ्याच लक्षणाने पूर्ण केलं. हे वाचलं तेव्हा मला, खरं सांगते, थोडं बरं वाटलं. एकाच माणसात हे सगळं एकत्र नांदू शकतं म्हणजे माझा गोंधळ अगदीच अडाणीपणाचा नव्हता.

मग हे वेगळं झालं कसं? त्याला एक महायुद्ध लागलं.

गॉर्डन होम्स हा ब्रिटिश डॉक्टर पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावर बूलोन इथल्या लष्करी इस्पितळात होता. डोक्यात गोळ्या आणि स्फोटाचे तुकडे घुसलेले तरुण सैनिक त्याच्याकडे यायचे. त्यातल्या काहींच्या डोक्यातून गोळी एका बाजूने घुसून दुसऱ्या बाजूने, म्हणजे मेंदूच्या मागच्या दोन्ही अर्ध्या भागांतून, आरपार गेलेली होती आणि तरीही ते जिवंत होते, बोलत होते. १९१८ साली होम्सने अशा सैनिकांबद्दल लिहिलं. वस्तू दाखवली तर ते नाव सांगत. पण ती कुठे आहे हे सांगता येत नसे. दोन वस्तूंपैकी जवळची कोणती, उजवीकडची कोणती, काही नाही. हात पुढे करत तो भलतीकडेच. चालताना भिंतीवर जात. समोर मांडलेली नाणी मोजता येत नसत, कारण कुठलं मोजलं आणि कुठलं राहिलं हे ठरवायला प्रत्येकाला जागा लागते, आणि यांच्या जगात जागाच उरली नव्हती. आवाज कुठून आला, अंगाला स्पर्श कुठे झाला, हे मात्र बरोबर कळायचं.

लक्षात घ्या, होम्सच्या या सैनिकांना डावं-उजवं असा पक्षपात नव्हता. अख्ख्या दृश्यातूनच 'कुठे' हा प्रश्न पुसला गेला होता. गोळीने दोन्ही बाजू सारख्याच नेल्या होत्या.

आणि मग १९४१ साली आले रसेल ब्रेन. हो, खरंच हेच आडनाव. पुढे ते 'ब्रेन' याच नावाच्या नियतकालिकाचे संपादकही झाले. ब्रेन यांच्याकडे ज्यांच्या फक्त उजव्या अर्ध्या मेंदूला इजा झाली होती असे रुग्ण होते. स्वतःच्या घरात ते वाट चुकत. डॉक्टरांनी वर वर पाहिलं असतं तर होम्सच्या सैनिकांसारखेच हेही 'दिशा हरवलेले' म्हणून सोडून दिलं असतं. पण ब्रेन यांनी पाहिलं की ते चुकतात कसे. डावीकडे वळायचं तिथे ते उजवीकडे वळत. नेहमीच उजवीकडे. त्यांना वस्तूंची जागा कळत होती, अंतर कळत होतं, घराचा नकाशा तोंडपाठ होता. फक्त त्यांच्या जगाला डावी बाजू नव्हती. वाट चुकणं तेच, कारण पूर्ण वेगळं. इथे निग्लेक्ट हा वेगळा आजार म्हणून स्पष्ट झाला.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट हीच आहे. माणूस किती चुकला याने काही कळत नाही, कसा चुकला याने कळतं. मी मामांच्या कागदावर राहिलेल्या रेघा मोजल्या होत्या. खोडलेल्या रेघांकडे पाहिलंच नव्हतं.

तर मामांकडे परत येऊ. माझ्या निदानाप्रमाणे तीन आठवडे उपचार झाले. निग्लेक्टच्या रुग्णाचं लक्ष डावीकडे ओढून आणायचं असतं. म्हणून मी त्यांच्या ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली, त्यांच्याशी डावीकडूनच बोलायचं असं घरात सगळ्यांना बजावलं, आणि प्रत्येक घासाला "मामा, लाल पट्टी शोधा" असं सुरू केलं. मामा पट्टी शोधत. सापडली की तिच्याकडे बघत बसत. आणि जेवण थांबे. मी पुन्हा "भाजी घ्या" म्हटलं की ते म्हणत, "भाजी कुठाय? पट्टी आहे." मला वाटायचं ते वैतागून बोलतायत. दुसऱ्या आठवड्यात मामी मला बाजूला घेऊन म्हणाली, "यांचं डोकं तर नाही ना गं फिरलं?" मी ठामपणे नाही म्हटलं, पण मलाही खात्री नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बरोबर असल्याचं सांगितलं होतं. एका नातेवाइकांनी तर मामा मुद्दाम करतात असंही सुचवून झालं होतं.

तिसऱ्या आठवड्यात आमचे एक निवृत्त न्यूरॉलॉजिस्ट सर घरी येऊन मामांना बघून गेले. त्यांनी काय केलं ते सांगते, कारण त्याला पाच मिनिटं आणि घरातल्या दोन वस्तू एवढंच लागलं.

सरांनी कंगवा उचलला आणि मामांच्या उजवीकडे धरला. "काय आहे?" "कंगवा." डावीकडे धरला. "कंगवा." चमच्याचंही तसंच. मग एका हातात कंगवा, दुसऱ्यात चमचा, दोन्ही एकदम. मामा म्हणाले, "चमचा." चमचा उजवीकडे होता. माझ्या चेहऱ्यावर 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असा भाव आला असणार. सरांनी हातांची अदलाबदल केली नाही, तसेच धरून ठेवले, आणि नुसता कंगवा जरासा हलवला. "कंगवा," मामा म्हणाले. "आणि चमचा?" "चमचा गेला."

मग सरांनी दोन्ही वस्तू एकमेकींच्या मागे धरल्या, अगदी समोर, नाकाच्या रेषेत. डावं-उजवं काही नाही. तरी एकच दिसली. निग्लेक्टमध्ये असं होत नाही. तिथे डावीकडचं हरवतं, प्रत्येक वेळी डावीकडचं. दोन्ही बोटं उजव्या अर्ध्यात धरली तरी त्यातलं जास्त डावीकडचं मार खातं. मामांचं कुठलंही हरवू शकत होतं. सुरुवातीला उजवीकडचं जास्त सापडे, कारण त्यांच्या उजव्या मेंदूला इजा जरा जास्त झाली होती आणि थोडा निग्लेक्ट त्यांनाही होताच. मी तो थोडा पाहिला आणि बाकी सगळं त्याच्या खात्यावर टाकलं.

नंतर सरांनी चमचा समोर धरून मामांना घ्यायला सांगितलं. मामा चमच्याकडेच बघत होते, नाव सांगत होते, आणि हात चमच्याच्या पलीकडे, चार बोटं बाजूला गेला. दोन्ही हातांचं तेच. निग्लेक्टचा रुग्ण ज्या वस्तूकडे बघतोय ती सहसा सरळ उचलतो. त्याचं भांडण ज्याकडे बघत नाही तिच्याशी असतं. शेवटी सर म्हणाले, "आता डोळे मिटा, आणि डाव्या हाताच्या अंगठ्याला उजव्या हाताने धरा." मामांनी पटकन धरला. बालिंटचा प्रयोग! तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

आणखी एक फरक असा की निग्लेक्टच्या रुग्णाला बऱ्याचदा आपलं काही बिघडलंय हेच कबूल नसतं. अर्धी दाढी करून तो समाधानी असतो. त्याचं 'डावं' फक्त डोळ्यांतलं नसतं. १९७८ साली बिझियाक आणि लुझाटी यांनी मिलानमधल्या रुग्णांना शहरातला कॅथेड्रलचा चौक मनात आठवायला लावला होता. एका टोकाला उभे आहात अशी कल्पना करा म्हटल्यावर त्यांनी फक्त उजवीकडच्या इमारती सांगितल्या. समोरच्या टोकाला उभे आहात म्हटल्यावर आधी गाळलेल्या इमारती सांगितल्या आणि आधी सांगितलेल्या गाळल्या. मामांना मात्र आपलं काय होतंय ते पक्कं ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, "अगं, तुझ्या हातातलं पेन दिसलं की तू दिसत नाहीस." एखाद्या रुग्णाने स्वतःच्या आजाराची याहून नेमकी व्याख्या केल्याचं मी ऐकलेलं नाही. मी ते ऐकलं आणि पुढची चाचणी काढली.

या लक्षणाला नाव मिळालं ते १९२४ साली. वोल्पर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने सायमल्टॅनॅग्नोशिया हा शब्द वापरला. त्याच्या रुग्णाला चित्रातले तपशील सांगता येत, चित्रात एकूण काय चाललंय ते नाही. (तो रुग्ण मामांसारखा नव्हता बहुधा. आज या नावाखाली दोन प्रकार धरतात. दुसऱ्या प्रकारात वस्तू एकेक करूनच ओळखता येतात, पण बाकीच्या 'आहेत' हे दिसत असतं, हात बरोबर जातो, माणूस धडकत नाही. नाव एक, आजार दोन. डॉक्टर मंडळींची ही जुनी खोड.)

पण 'एका वेळी एक वस्तू' यातली वस्तू म्हणजे काय, हे खरं दाखवलं रशियाच्या लुरियाने, १९५९ साली. त्याच्या रुग्णाच्या मेंदूच्या मागच्या दोन्ही बाजूंना इजा झालेली होती. लुरियाने त्याला एकमेकांवर उलटे ठेवलेले दोन त्रिकोण दाखवले, सहा टोकांची चांदणी होते तसे. दोन्ही एकाच रंगाचे असताना रुग्ण म्हणाला, चांदणी. मग एक त्रिकोण लाल आणि एक निळा केला. आता त्याला एकच त्रिकोण दिसला. कागदावरची जागा तीच, रेघा त्याच, टोकं तेवढीच. रंगाने चांदणीचे दोन तुकडे केले आणि त्याला एक तुकडा मिळाला. याच रुग्णाला वर्तुळाच्या मधोमध टिंब काढता येत नसे. पेन्सिलीचं टोक दिसे तेव्हा वर्तुळ नसे, वर्तुळ दिसे तेव्हा टोक नसे.

याचं उलटं १९९३ साली हम्फ्रीज आणि रिडॉक यांनी करून दाखवलं. रंगीत टिकल्या मांडल्या आणि विचारलं, रंग एक आहे की दोन? रुग्ण गोंधळले. मग वेगवेगळ्या रंगांच्या टिकल्या रेघेने एकमेकींना जोडल्या. उत्तरं सुधारली. टिकल्या तेवढ्याच, पण रेघेने जोडलेल्यांची एक वस्तू झाली होती! निग्लेक्टमध्ये असं रेघा जोडून चालत नाही असं मात्र नाही, तिथेही डावं-उजवं जोडून एक वस्तू केली तर थोडा फायदा होतो. फरक हा की इथे बाजूचा प्रश्नच नाही.

हे सगळं मामांना झालं कसं, तेही सांगते. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांची आपापली क्षेत्रं असतात. मधल्या आणि मागच्या वाहिनीच्या क्षेत्रांची सीमा जिथे मिळते, तो भाग मेंदूच्या मागे वरच्या अंगाला, दोन्ही बाजूंना असतो. तिथे दोन्ही वाहिन्यांची शेवटची टोकं पोचतात. मामांना मी हे चित्र काढून दाखवू शकत नव्हते, म्हणून तोंडी सांगितलं. ते लगेच म्हणाले, "म्हणजे टेलचा भाग." कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेली शेतं. धरणातून विसर्ग कमी झाला की वरच्यांचं कसंबसं भागतं, टेलला पाणी पोचत नाही. रक्तदाब बराच वेळ खाली राहिला तर मेंदूतही हेच होतं, आणि दोन्ही बाजूंना एकदम होतं. निग्लेक्ट बहुतेकदा उजव्या बाजूच्या एकाच वाहिनीत गुठळी अडकल्याने होतो, म्हणून तो एकतर्फी. ज्याने आयुष्यभर कालवे काढले त्याला हे अर्ध्या वाक्यात समजलं. (असंच चित्र हळूहळू, महिन्या-वर्षांनी वाढत जाताना दिसलं तर मात्र प्रकरण निराळं असतं. अल्झायमरचा एक प्रकार मेंदूच्या मागच्या भागापासून सुरू होतो, आणि अशी माणसं चष्मे बदलत वर्ष-दीड वर्ष हिंडत राहतात.)

उपचार उलटे झाले. लाल पट्टी काढून टाकली. नक्षीचा टेबलक्लॉथ काढून साधा पांढरा घातला. ताटात पाच पदार्थ वाढण्याऐवजी एका वेळी एक वाटी. मामी आधी नाराज झाली, "हे काय पंगतीतून उठवल्यासारखं!" वस्तूंच्या जागा ठरवून टाकल्या. आणि मुख्य म्हणजे हाताला डोळ्याच्या भरवशावर सोडणं बंद केलं. वाटी आधी डाव्या हाताने धरायची, मग उजवा हात डाव्या हाताकडे न्यायचा. वाटी शोधायची नाही, स्वतःचा हात शोधायचा. तो मामांना नेहमी सापडत असे.

काही गोष्टी शेवटपर्यंत आल्या नाहीत. मामा पुन्हा वाचू शकले नाहीत. शब्द दिसे, ओळ हरवे. टीव्हीवर क्रिकेट लावलं की गोलंदाज दिसे आणि चेंडू कुठे गेला ते समालोचक सांगे. त्यांनी रेडिओ मागवून घेतला आणि आपणहून म्हणाले, हे जास्त बरं. नकाशाची पेन्सिल त्यांनी पुन्हा हातात घेतली नाही. मीही कधी दिली नाही.

दोन वर्षांपूर्वी घर आवरताना माझी जुनी फाईल सापडली. त्यात तो रेघांचा कागद होता. डावीकडच्या बऱ्याच रेघा मोकळ्या, जशा मला आठवत होत्या. पण उजवीकडे पाहिलं तर एकच रेघ तीनदा खोडलेली. तिच्याशेजारची मोकळी. आणि खोडायच्या खुणांपैकी कितीतरी कोणत्याच रेघेवर नव्हत्या, कोऱ्या कागदावर होत्या, प्रत्येक रेघेच्या अर्धा-पाऊण इंच बाजूला. निग्लेक्टचा रुग्ण उजवीकडच्या रेघा एकेक करून नेमक्या खोडतो. सगळं तिथेच लिहिलेलं होतं. त्या खुणा मात्र अगदी सरळ होत्या, पट्टीने काढल्यासारख्या.

मामा त्या आजारानंतर सहा वर्षं होते. चहा त्यांनी बशीतूनच प्यायला, शेवटपर्यंत. डाव्या तळहातावर बशी घ्यायचे, तिची कड अंगठ्याने पकडायचे, कपाची कड त्या अंगठ्याला टेकवायचे, आणि मग डोळे मिटून ओतायचे. ओतून झालं की डोळे न उघडताच विचारायचे, "सांडला का गं?"